'स्लॅब पडला' आणि फोन कट झाला

मैत्रिणींनो, या महिन्याचा पाठ फोनबद्दल आहे. पण फोन कसा घ्यावा किंवा त्यात काय काय असतं, ते आज नको. गावात रेंज नाही, मालक बाहेरगावी बांधकामावर आहेत आणि रात्री एकदा बोलल्याशिवाय झोप येत नाही, अशा घरात नेमकं काय केलं की बोलणं नीट होतं, एवढंच पाहू. आपल्या प्रभागात अशी घरं थोडीथोडकी नाहीत.

ज्या ताईची ही गोष्ट आहे तिला आपण शोभा म्हणू. गाव पाटोदा तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगराच्या पोटात. घर जुनं, माळवदाचं. घरात सासूबाई, सहावीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. शोभाचे मालक पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर आहेत. दिवाळी झाली की जातात आणि मिरगाच्या आधी येतात. राहायला कामाच्या जागेवरच पत्र्याची खोली. रोज रात्री साडेआठला त्यांचा फोन यायचा. म्हणजे यायचा प्रयत्न व्हायचा. कधी 'हॅलो हॅलो' करण्यातच दहा मिनिटं जायची, कधी तिकडचा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा.

मागच्या हिवाळ्यात एका रात्री फोन लागला. मालक म्हणाले, "अगं, आज पाचव्या मजल्याचा स्लॅब पड..." आणि फोन कट झाला.

शोभानं लगेच परत लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. पाच-सहा वेळा असं झालं आणि मग बाई सांगायला लागली की आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता तिचा फोन बंद आहे. आता सांगा, बाईमाणसानं काय समजायचं? तिला मुकादमाचं नाव माहीत होतं, नंबर नव्हता. सोबतच्या कामगारांपैकी एकाचाही नंबर नव्हता. सासूबाईंना सांगावं तर त्यांना बीपी. ती रात्रभर चुलीजवळ बसून राहिली. सकाळी सहाला अनोळखी नंबरवरून मालकांचा फोन आला. "अगं, स्लॅब पडला म्हणजे टाकून झाला! काँक्रीट संपायला साडेसात वाजले. मुकादमानं सगळ्यांना शंभर-शंभर जास्त दिले, तेच सांगत होतो. माझी बॅटरी संपली." शोभा हसली नाही. फोन ठेवून आधी रडली म्हणे.

ही हकीकत तिनं गटाच्या बैठकीत सांगितली तेव्हा निम्म्या बायकांनी मान हलवली. मग आम्ही ठरवलं, त्या रात्री काय काय चुकलं ते एकेक करून पाहायचं. पाहिलं तेव्हा कळलं की एका रात्रीत चार वेगवेगळ्या गोष्टी बिघडल्या होत्या आणि त्यातल्या तीन सुधारायला एक रुपयाही लागत नव्हता.

आधी घरातली जागा शोधा

टॉवरवरून येणारी लहर डोळ्याला दिसत नाही, पण ती बरीचशी उजेडासारखी वागते. मध्ये डोंगर आला की सावली पडते. जाड दगडी भिंत तिला अडवते, माती आणि त्यातही ओली माती तिला शोषून घेते, आणि पत्रा तर आरशासारखा तिला माघारी पाठवतो. माळवदाचं घर उन्हाळ्यात गार का राहतं ते तुम्हाला माहीतच आहे. डोक्यावर हात-दीड हात माती असते. तीच माती रेंज खाते. पावसाळ्यात ती भिजली की आणखी खाते. आणि तिकडे पुण्याला मालक चारी बाजूंनी पत्रा असलेल्या खोलीत बसून बोलत होते. म्हणजे दोन्हीकडून दार बंद करून आपण एकमेकांना हाका मारत होतो.

घरात कुठं रेंज बरी आहे हे पाहायला फोनवरच्या दांड्यांवर फार भरवसा ठेवू नका. एका कंपनीच्या फोनमध्ये दोन दांड्या दिसतात, तिथंच दुसऱ्या फोनमध्ये तीन. त्यापेक्षा आकडा पाहावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings मध्ये जाऊन About phone उघडा. तिथं SIM status असतं, आणि त्यात Signal strength समोर उणे चिन्ह असलेला एक आकडा आणि पुढं dBm अशी अक्षरं असतात. काही फोनमध्ये नावं थोडी वेगळी असतात. शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, ती दोन मिनिटांत काढून देते.

हा आकडा कर्जासारखा वाचायचा. उणे ९५ म्हणजे ९५ चं कर्ज, उणे ११८ म्हणजे ११८ चं. कर्ज जितकं कमी तितकं बरं. ४जीवर साधारण शंभरच्या आत असेल तर बोलणं नीट होतं. ११०च्या पुढं आवाज तुटायला लागतो, आणि ११५-१२०ला फोन लागला तरी टिकत नाही. तीन आकड्यांचा फरक दिसायला लहान वाटतो, पण दर तीन आकड्यांना लहरीची ताकद निम्मी होते.

शोभानं आणि तिच्या मुलीनं रात्री साडेआठलाच घरात फिरून वहीत लिहिलं. फोन एका जागी धरून अर्धा-एक मिनिट थांबायचं, कारण आकडा लगेच बदलत नाही. आतल्या खोलीत, जिथं ती रोज बोलायची, उणे ११८. दारात उणे ११०. वर माळवदावर उणे ९७. आणि गंमत अशी की मधल्या घरात एका जागी उणे १०४ आलं. वर पाहिलं तर तिथं सवणं. उजेडाला आणि धुराला वाट म्हणून माळवदाला ठेवलेलं भोक. जिथून उजेड येत होता, तिथूनच रेंजही येत होती. ११८ आणि १०४ मध्ये चौदाचा फरक, म्हणजे सुमारे पंचवीस पट ताकद. एकाच घरात, दहा पावलांवर.

माळवदावरचा आकडा सगळ्यात चांगला होता हे खरं. पण रात्री शिडीनं वर चढायचं, थंडीत बसायचं, आणि खाली म्हातारं माणूस नि लेकरं. शोभानं सवण्याखालची जागा धरली. मी म्हणेन बरोबर केलं. काही गावांत बायका रेंजसाठी अंधारात माळावर, विहिरीच्या कठड्यावर जाऊन बोलतात. विंचूकाट्याचं भय, आणि बोलण्याच्या नादात पाय कुठं पडतो ते कळत नाही. घरात थोडी कमी रेंजची जागा सापडली तरी तीच धरावी.

आता फोन सवण्याजवळ उंच हवा आणि कान तर खाली. यावर उपाय साधा आहे. वायरवाले इअरफोन घ्यायचे. फोन कापडी पिशवीत घालून सवण्याखालच्या खुंटीला अडकवायचा, वायरचं टोक कानात. फोन मुठीत गच्च धरला की हातच अर्धी रेंज अडवतो, कारण लहर पकडणारी तार फोनच्या कडांमध्ये असते. पिशवीत अडकवला की तोही प्रश्न मिटतो. लेकरांनाही बोलायचं असेल तर वायर काढून स्पीकर लावायचा.

पहिल्या अवकाळीला मात्र रेंज एकदम गेली. शोभाला वाटलं टॉवर बंद पडला. मग लक्षात आलं, सासूबाईंनी पाणी येऊ नये म्हणून सवण्यावर पत्र्याचा डबा फोडून केलेलं झाकण टाकलं होतं. ते काढून प्लास्टिकचं घमेलं पालथं घातलं. प्लास्टिकमधून लहर जाते. माती भिजल्यानं आकडा १०४ चा १०७ झाला होता, पण तेवढं चालतं.

मालकांनाही तेच सांगितलं: खोलीच्या बाहेर येऊन दहा पावलं लांब उभं राहून बोला. यात एक गोष्ट नक्की बजावून सांगा. उंचावर रेंज चांगली मिळते म्हणून कामगार रात्री अर्धवट बांधलेल्या मजल्यावर चढतात. तिथं कठडा नसतो, लिफ्टची जागा उघडी असते, उजेड नसतो. शोभाचे मालकही जायचे. "कुठून बोलता?" हा तिचा आता रोजचा प्रश्न आहे, आणि उत्तर 'वरून' आलं तर ती स्वतःहून फोन ठेवते. खाली आले की पुन्हा बोलते.

कोण कोणाला लावणार?

त्या रात्री फोन व्यस्त का येत होता? तुमच्या लक्षात आलं असेल. फोन कट झाल्याबरोबर शोभा मालकांना लावत होती आणि त्याच क्षणी मालक शोभाला लावत होते. दोघंही एकमेकांची वाट अडवून बसले होते. पाच मिनिटं हाच खेळ चालला आणि तेवढ्यात त्यांची बॅटरी संपली.

नियम एकच: ज्यानं आधी लावला होता, त्यानंच परत लावायचा. दुसऱ्यानं फोन खाली ठेवून शांत बसायचं. पाच मिनिटांत आला नाही तरच आपण लावायचा. हे आधी बोलून ठरवावं लागतं, त्या घाईत सुचत नाही. शोभाला सुरुवातीला हात बांधून बसणं फार जड गेलं. पण आता कट झालेला फोन बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात परत येतो.

दुसरं ठरवलं ते पहिल्या वाक्याबद्दल. आपली सवय अशी की आधी पाल्हाळ आणि मुद्दा शेवटी. खराब रेंजवर शेवटपर्यंत पोचूच याची खात्री नसते. म्हणून फोन लागल्याबरोबर पहिलं वाक्य: "मी बरा आहे." इकडून पहिलं वाक्य: "घरी सगळं ठीक आहे." लेकरू आजारी असेल तर तेही तिथंच, एका दमात: "बाळूला ताप आहे, दवाखान्यात नेलं होतं, आता उतरलाय." आधी 'बाळूला ताप आहे' म्हणून थांबायचं नाही, कारण नेमका तिथंच फोन कट होतो. त्या रात्री मालकांनी आधी 'मी बरा आहे' म्हटलं असतं, तर पुढं स्लॅब पडो नाहीतर काही होवो, शोभा झोपली असती.

तिसरी गोष्ट पैशाच्या आकड्याची, आणि ही आपल्या गटाच्या कामाची आहे. एकदा मालकांनी सांगितलं, "सहा हजार टाकले." शोभाला ऐकू आलं 'दहा'. तिनं त्या भरवशावर गटाचा हप्ता आणि किराणाची उधारी दोन्ही त्याच आठवड्यात देते म्हणून सांगून टाकलं. खात्यावर पाहिलं तर सहाच. चार हजारांसाठी शेजारणीपुढं हात पसरावा लागला. सहा आणि दहा, सात आणि साठ, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे आकडे तुटक आवाजात एकसारखे वाटतात. आता ते रक्कम बोलतच नाहीत, साध्या मेसेजनं पाठवतात. बोलायचीच वेळ आली तर सुटे आकडे: "सहा, शून्य, शून्य, शून्य." आणि ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचे.

जागेचा दोष की वेळेचा?

फोन लागत नाही म्हणजे रेंजच नाही, असं नसतं. दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्हीचं औषध वेगळं आहे.

दांड्याच नाहीत, किंवा आकडा ११५च्या पुढं गेलाय, तर दोष जागेचा. जागा बदला. पण दांड्या भरपूर आहेत आणि तरीही फोन लागत नाही, 'या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त' अशा तऱ्हेचं काही ऐकू येतं, तर तो गर्दीचा दोष. एका टॉवरवर एका वेळी ठरावीक फोनच नीट चालतात. संध्याकाळी आठ ते साडेनऊ सगळं गाव बोलत असतं, त्यात पोरं व्हिडिओ बघत असतात. तेव्हा घरभर फिरून उपयोग नाही, वेळ बदलावी लागते. शोभाकडे सवण्याखालीसुद्धा साडेआठला कधीकधी लागत नव्हतं. तिनं आठवडाभर पावणेदहाला करून पाहिलं, पण लेकरं झोपून जायची. शेवटी त्यांनी दोन भाग केले. रात्री पावणेदहाला दोघांचं बोलणं, आणि रविवारी सकाळी सहाला लेकरांशी. सकाळी सहाला आवाज असा येतो की जणू माणूस ओट्यावर बसलाय.

फोन लागला पण आवाज तुटतो, तर दोष आपल्याकडं की तिकडं? हे ओळखायला त्याच जागेवरून दुसऱ्या कोणाला, बहिणीला म्हणा, एक फोन लावा. तिचा आवाज स्वच्छ आला तर आपली बाजू ठीक आहे, मालकांना दोन पावलं सरकायला सांगा.

कधीकधी फोन लांबच्या एखाद्या क्षीण टॉवरला धरून बसतो आणि जवळचा सोडून देतो. तेव्हा विमानाचं चिन्ह असलेलं बटण, म्हणजे Airplane mode, दाबून दहा सेकंद थांबा आणि बंद करा. फोन नव्यानं टॉवर शोधतो. हे बटण आणखी एका कामाचं आहे. रेंज नसलेल्या जागी फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यात बॅटरी जास्त जाते. शोभाचे मालक दिवसभर तळघरातल्या पार्किंगच्या कामावर असले की संध्याकाळपर्यंत त्यांचा फोन मरायचा. आता ते तळघरात जाताना हे बटण लावतात आणि जेवणाच्या सुट्टीत वर आले की काढतात. पण एक ध्यानात ठेवा, तेवढ्या वेळात घरून फोन लागत नाही. म्हणून मुकादमाचा आणि सोबतच्या एका कामगाराचा नंबर घरात हवाच. शोभानं ते दोन्ही नंबर खडूनं दाराच्या मागं लिहिलेत. फोनमध्ये ठेवलेला नंबर फोन बंद पडला की जातो, दारावरचा राहतो.

आणि लाईट जाऊन बराच वेळ झाला की टॉवरची बॅटरीही संपते. मग सगळ्या गावाची रेंज एकदम जाते. शेजारणीच्या फोनलाही नाही म्हटल्यावर समजायचं, आज होणार नाही. अशा दिवसासाठी दोघांचं आधीच ठरलेलं आहे: इकडचा फोन लागला नाही तर मालकांनी रात्रभर प्रयत्न करायचे नाहीत, साधा मेसेज टाकून झोपायचं. लाईट आली की तो आपोआप येतो.

बोलणं नाही झालं तर निरोप

साधा मेसेज, म्हणजे एसएमएस, याला आपण विसरलोय. बोलायला सलग रेंज लागते. मेसेजला क्षणभराची पुरते. समोरचा फोन रेंजमध्ये नसेल तर कंपनी तो काही काळ आपल्याकडं ठेवून घेते आणि रेंज आली की पोचवते. त्याला नेटही लागत नाही. रिचार्ज करताना त्यात मेसेज आहेत का, एवढं मात्र विचारून घ्या, काही स्वस्त पॅकमध्ये नसतात.

ज्यांना लिहायला जमत नाही त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपचा आवाजी निरोप आहे. सासूबाईंना तर हाच आवडतो. माइकचं चिन्ह दाबून धरायचं आणि बोलायचं. बोट वर सरकवलं की कुलूप लागतं, मग दाबून धरावं लागत नाही. नेट नसतानाही निरोप भरून ठेवता येतो. शेजारी घड्याळाचं चिन्ह दिसेल तोवर तो आपल्याच फोनमध्ये आहे. एक टिक आली की तो आपल्याकडून निघाला, दोन आल्या की त्यांच्या फोनवर पोचला. शोभाची मुलगी संध्याकाळी घरात बसून निरोप भरते, आणि सकाळी शाळेला जाताना खिंडीत फोनला रेंज आली की तो आपोआप जातो. त्या दिवशी फोन शोभाकडं खुरपणीला असेल तर तीही त्याच खिंडीतून जाते. मिनिटभराचा निरोप साधारण एका फोटोएवढा जड असतो. व्हिडिओ कॉलला एका मिनिटाला त्याच्या कितीतरी पट लागतं, म्हणून खराब रेंजवर चेहरा पाहायचा हट्ट धरला की आवाजही जातो.

दुसरीतला मुलगा आता पाढे म्हणून पाठवतो. मालक ते जेवताना ऐकतात आणि सोबतच्या लोकांनाही ऐकवतात. फोनवर लेकरू बुजून 'हो, नाही' एवढंच बोलायचं. निरोपात मात्र त्याला घाई नसते, चुकलं तर पुसून परत म्हणतो.

सिम बदलावं का?

हा प्रश्न बैठकीत हमखास येतो. बदलण्याआधी गटाचा उपयोग करा. बैठकीला दहा-बारा जणी येतात, म्हणजे दोन-तीन कंपन्यांची सिमं एका ठिकाणी येतात. आम्ही शोभाच्या गटात तेच केलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे तीन फोन तिच्या घरी नेले आणि रात्री पावणेदहाला सवण्याखालून प्रत्येकावरून तीन-तीन फोन लावून पाहिले. किती लागले, किती टिकले, वहीत लिहिलं. आकड्यांपेक्षा हीच परीक्षा खरी, कारण बोलता येतं की नाही ते त्यातूनच कळतं. आणखी एक खूण आहे. फोनवर Emergency calls only असं दिसलं तर आपल्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीची तिथं पोचते आहे. अशा वेळी ११२ हा मदतीचा नंबर त्या दुसऱ्या कंपनीवरूनही लागू शकतो.

दुसरी कंपनी चांगली निघाली तर नंबर न बदलता कंपनी बदलता येते. PORT लिहून जागा सोडायची, पुढं आपला दहा आकडी नंबर, आणि 1900 वर मेसेज. उलट एक कोड येतो, तो आपल्याकडं चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. आहे त्या कंपनीत ९० दिवस झालेले असावे लागतात. जुन्या सिममधला पॅक आणि शिल्लक बुडते, म्हणून पॅक संपत आल्यावरच करा. हा कोड फोनवर कोणी मागितला तर देऊ नका. बँक आणि गटाचं खातं त्याच नंबरला जोडलेलं असतं.

शोभानं कंपनी बदलली नाही. तिच्या फोनमध्ये दोन सिमची सोय होती. दुसरं सिम घालून महिनाभर पाहिलं, फरक फार पडला नाही, तेव्हा पुढं रिचार्ज केलं नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये Preferred network type असतं. तिथं ४जी ऐवजी २जी केल्यावर काही गावांत बोलणं जास्त टिकतं, नेट मात्र जवळजवळ बंद होतं. पण जिओचं सिम असेल तर हे करू नका. जिओला २जी नाहीच, फोन मुका होऊन बसेल.

बाजारात कोणी रेंज वाढवायचं यंत्र विकायला आलं तर घेऊ नका. परवानगीशिवाय असं यंत्र बसवणं कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय त्यानं टॉवरच्या कामात अडथळा येतो आणि एका घराची रेंज सुधारायच्या नादात आजूबाजूची बिघडते.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या घरातल्या तीन जागांचे आकडे लिहून आणा, आणि ते रात्री बोलायच्या वेळीच घ्या. ज्यांचं घर पत्र्याचं आहे त्यांनी खिडकीजवळचा आणि दाराबाहेरचा आकडा जरूर घ्यावा. शोभा तिची वही घेऊन येणार आहे. मालकांचा परवा सहाव्या मजल्याचा स्लॅब झाला. त्यांनी "मी बरा आहे" म्हणून सुरुवात केली आणि मग म्हणाले, "स्लॅब टाकला." पडला म्हणायचं त्यांनी सोडून दिलंय.